दोन कडा आत जातात

टेपकाकूंशी माझं पहिलं भांडण झालं ते बाकावरून. आमचा प्रौढांचा वर्ग संध्याकाळी सहाला भरतो, लहान मुलांच्या शाळेच्या खोलीत. बाकही लहान मुलांच्या मापाचे. माझे गुडघे त्या बाकाखाली मावत नाहीत, म्हणून मी कडेला पाय बाहेर काढून बसायचो. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तू आत सरक. कडेला मी बसणार. माझा उजवा हात मोकळा लागतो." मी कुंपणं घालणारा माणूस. हद्दीवरून वाद झाला की माघार घ्यायची नाही ही माझी सवय. पण काकूंनी पिशवी बाकावर ठेवली, कात्री वर दिसेल अशी ठेवली, आणि मी मुकाट्याने आत सरकलो.

टेपकाकू हे नाव वर्गाने ठेवलं. गळ्यात कायम मोजपट्टी. कामावरून थेट वर्गात यायच्या आणि पट्टी काढायचं विसरायच्या. वय सत्तावन्न. सोफ्याची कव्हरं, गाद्यांची खोळ, गाड्यांच्या सीटची कव्हरं, असं जाडजूड काम चाळीस वर्षं केलेलं. बोटांची टोकं घट्ट झालेली, डोळ्यांवर चष्मा, आणि जिभेला कापडाच्या कडा दोऱ्याने गुंफणाऱ्या ओव्हरलॉक मशीनचा वेग. कुणी धांदरटपणा केला की म्हणायच्या, "उसव आणि परत शीव." मला हे दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं.

शाळा त्यांनी सातवीत सोडली. आई आजारी पडली, धाकटी तीन भावंडं घरात, आणि शेजारच्या शिंप्याला काज करायला हात हवा होता. त्यात रडारड काही नाही, त्या सांगतानाही सहज सांगतात. रडू त्यांना वेगळ्याच गोष्टीचं येतं. गेली अकरा वर्षं त्या एका शिवण केंद्रात मदतनीस आहेत. मदतनीस म्हणजे काय, तर मुलींना सगळं शिकवायचं काकूंनी आणि हजेरीपटावर शिक्षिका म्हणून सही करायची दुसऱ्याच कुणीतरी. शिक्षिकेच्या जागेला दहावी पास लागते. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी एक नवी शिक्षिका येते, पहिले सहा महिने काकूंकडून काम शिकते आणि मग काकूंना काम सांगते. यंदा ती जागा रिकामी झाली होती. केंद्रप्रमुख बाई काकूंना म्हणाल्या, "यंदा दहावी होऊन या, खुर्ची तुमची. नाहीतर मी बाहेरून माणूस घेते. आणखी थांबता येणार नाही."

बाकीचे विषय काकूंनी तोंडाच्या जोरावरच काढले असते. अडत होतं ते गणितापाशी. दोनदा बसल्या होत्या, दोनदा गणितात गेल्या होत्या. आणि आमच्या सरांचा नियम होता की सराव परीक्षेत पस्तीस आल्याशिवाय परीक्षेच्या फॉर्मवर ते सही करणार नाहीत. सर दिवसा मुलांना शिकवतात आणि संध्याकाळी आम्हाला. दमलेले असतात, पण ढिले नसतात. ज्या संध्याकाळची ही गोष्ट, तिच्या दुसऱ्याच दिवशी फॉर्म पाठवायची मुदत संपत होती.

त्या संध्याकाळी सरावाचे पेपर परत मिळाले. काकूंना तेहेतीस. मला बावन्न.

काकूंनी पेपर उलटा केला, सुलटा केला, मार्कांची बेरीज स्वतः दोनदा केली. तेहेतीसच. मग पट्टीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या.

इथे सरांची एक पद्धत सांगायला हवी. चुकलेल्या उत्तरापुढे ते फक्त फुली मारतात. बरोबर उत्तर काय ते लिहीत नाहीत. पेपर वाटले की पाऊण तास देतात. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकमेकांच्या फुल्या शोधायच्या, चूक कुठे झाली ते आपापसांत ठरवायचं, आणि मग फळ्यापाशी जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. नुसतं उत्तर सांगून भागत नाही. आपण का चुकलो तेही सांगता आलं पाहिजे. पटलं, तर त्या प्रश्नाचे निम्मे मार्क परत. आणि एका संध्याकाळी एकाला एकच प्रश्न.

"दोन मार्क," मी म्हणालो. "काकू, फक्त दोन मार्क हवेत. चार मार्कांचा प्रश्न शोधा."

चार मार्कांचे दोनच प्रश्न होते. एक त्यांचा बरोबर होता. दुसऱ्यावर फुली होती. गंमत म्हणजे त्याच प्रश्नावर माझ्याही पेपरात फुली होती.

प्रश्न असा. एक आयत, बारा सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद. त्याच्या आठच्या बाजूला, वरच्या टोकाला टोक लावून, पाच सेंटिमीटरचा चौरस चिकटवलेला. या जोडआकृतीची परिमिती काढा. काकूंचं उत्तर साठ. माझं पंचावन्न.

"तुमचं चुकलंय ते सरळ दिसतंय," मी म्हणालो. मला अशा वेळी जरा चढतंच. "आयताची चाळीस, चौरसाची वीस, तुम्ही मिळवून मोकळ्या झालात. मधली बाजू दोनदा मोजलीत."

"मोजणारच. आयताच्या तुकड्याला ती आहे, चौरसाच्या तुकड्यालाही आहे."

"अहो, पण ती सामाईक आहे."

"असू दे की. तुकडे कापले की मी आधी सगळ्या कडांना ओव्हरलॉक मारते. चारही बाजूंनी. मग जोडते. जोडायचंय म्हणून त्या बाजूला दोरा सोडला तर कापड विरेल, आणि गिऱ्हाईक कव्हर तोंडावर फेकेल. दोरा साठचाच लागतो. मी चाळीस वर्षं दोरा भरतेय, तू मला सांगू नकोस."

हे मी ऐकून घेतलं. खरंच, त्यांच्या मशीनवर साठच लागत असणार. चूक आळसाने झालेली नव्हती. हातांना जे ठाऊक होतं तेच त्यांनी कागदावर उतरवलं होतं.

"बरं, माझं ऐका," मी म्हणालो. "दोन प्लॉट शेजारी आहेत. मी दोघांना कुंपण घालतो. मधल्या हद्दीवर दोन कुंपणं घालीन का? एकच घालणार. म्हणून मधली बाजू एकदा मोजायची. साठातून पाच गेले, पंचावन्न."

"मग तुझ्यावर फुली का?"

"सरांनी तपासताना घाई केली असेल."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझे कान लाल झाले. पाऊण तासातली दहा मिनिटं गेली होती.

मग मला एक सुचलं, आणि खरं सांगायचं तर ते मी रागाने बोललो. "काकू, ओव्हरलॉक सोडा. कव्हर शिवून झालं की तुम्ही कडेला ती दोरीवाली पायपिंग लावता ना? ती मधल्या जोडावरही लावता का?"

"मधे कशाला? मधे लावली तर बसणाऱ्याला टोचेल. पायपिंग फक्त बाहेरून, गोल फिरून, जिथून सुरू केली तिथे..."

आणि थांबल्या.

"परिमिती म्हणजे पायपिंग," त्या हळूच म्हणाल्या. "ओव्हरलॉक नव्हे. अरे देवा, मी दोनदा परीक्षेत ओव्हरलॉक मोजत बसले."

त्यांनी पिशवी ओढली. आतून मापं काढायचा खाकी कागद निघाला, कात्री निघाली, टाचण्यांची डबी निघाली. कर्र कर्र करत त्यांनी बारा बाय आठचा तुकडा कापला, मग पाचचा चौरस. कापताना सवयीने विचारलं, "माया सोडू का?" माया म्हणजे शिवणीसाठी ठेवतात ते जास्तीचं कापड. मी म्हटलं, गणितात माया नसते. "ते मला पहिल्या वर्षीच कळलं," त्या म्हणाल्या आणि कडेला कड भिडवून, मागून कागदाची पट्टी लावून तुकडे टाचले.

मग गळ्यातली पट्टी काढली, उभी धरली आणि कडेकडेने फिरवायला लागल्या. मी आकडे लिहीत होतो. वरून सरळ सतरा, कारण बारा आणि पाच एका रेषेत. खाली पाच. आत वळून पाच. खाली तीन, कारण आठातले पाच चौरसाने झाकले. मग तळाची बारा. मग डावीकडची आठ.

"पन्नास," मी म्हणालो. बेरीज परत केली. पन्नास.

"पंचावन्न नाहीत," काकू म्हणाल्या.

"पट्टी ताणलीत तुम्ही."

"घे, तू मोज."

मी मोजलं. पन्नास. पुढच्या बाकावरचा भाजीवाला वळून बघायला लागला होता, त्यानेही मोजलं. पन्नास. रोज हद्दी मोजणाऱ्या माणसाचे पाच सेंटिमीटर भर वर्गात गायब झाले होते.

"माझे पाच गेले कुठे?"

काकूंनी जोड बोटाने दाबला. "इथे बघ. तुला ही एक रेघ दिसते. कागदावर काढलं की एकच रेघ दिसते, म्हणून तू एकदाच वजा केलीस. पण हात लाव. ही एक कड आयताची. ही एक कड चौरसाची. शिवण घातली की दोन कडा आत जातात. याची पण जाते, त्याची पण जाते. चाळिसातून पाच गेले, पस्तीस उरले. विसातून पाच गेले, पंधरा उरले. पस्तीस आणि पंधरा."

"पन्नास. पण माझं मधलं कुंपण..."

"तुझं कुंपण उभं आहे रे बाबा, कुणी काढलं नाही. पण ते आतल्या अंगणात आहे. प्रश्न बाहेरून फेरी मारायचा आहे. तू फेरी मारताना मधल्या कुंपणावर चढणार आहेस का?"

भाजीवाला फस्सकन हसला. मी पण हसलो, दुसरं काय करणार. मी त्यांच्या साठातले पाच काढले होते, त्यांनी माझ्या पंचावन्नातले पाच काढले. दोघांची मिळून आकृती पुरी झाली. मी त्या चार मिनिटांत जे शिकलो ते मला बारा वर्षांच्या कुंपणांनी शिकवलं नव्हतं, आणि आनंद एवढा झाला की मी बाकावर हात आपटला. सरांनी वर पाहिलं.

"झालं का? मग या."

काकू उठल्या. फळ्यापाशी जाऊन त्यांनी आयत काढला, चौरस काढला, रेघा अशा सरळ की पट्टीने आखल्यासारख्या. आपण ओव्हरलॉक कसा मोजला ते सांगितलं. मग पायपिंग सांगितली. मग शेजाऱ्याने, म्हणजे मी, कुंपण एकदा मोजलं आणि तेही का चुकलं, ते सांगितलं. माझी चूक त्यांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली. शेवटी लिहिलं: चाळीस अधिक वीस, वजा दोन वेळा पाच, बरोबर पन्नास.

मला वाटलं, झालं, दोन मार्क आले. पण सर खडू घेऊन पुढे आले.

"हे तुम्ही आत्ता बसून ठरवलंत. पाठ केलं की समजलं, हे मला कसं कळणार?" आणि त्यांनी आकृतीत आणखी एक चौरस काढला. तीन सेंटिमीटरचा. आणि तो काढला कुठे, तर बरोबर आतल्या कोपऱ्यात. पाचच्या चौरसाच्या खाली आणि आयताच्या उरलेल्या तीनला खेटून. त्याच्या दोन बाजू चिकटल्या, दोन मोकळ्या. "आता परिमिती किती?"

दोन मार्क हातातोंडाशी आलेले, आणि हा नवा तुकडा. मी घाईने वहीत मांडलं. तीनच्या चौरसाची परिमिती बारा. पन्नास आणि बारा बासष्ट. मागून कुणीतरी "बासष्ट" म्हणालंच. भाजीवाला म्हणाला, "छप्पन्न." दोन्ही ठिकाणी एकेकच कड वजा केली होती त्याने, माझीच जुनी खोड. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण उत्तर मलाही अजून नीट दिसत नव्हतं.

काकू फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पट्टी काढली नाही, कागद मागितला नाही. बोट ओलं केलं आणि जोडावरची पहिली रेघ पुसली. मग दुसरी. आणि एकदम वळल्या.

"सर, वाढत नाही."

"म्हणजे?"

"पन्नासच. तुकडा वाढला, पायपिंग वाढत नाही."

वर्गात गलका झाला. शेवटच्या बाकावरचा सुरक्षारक्षक, जो सहसा तिथे झोपलेला असतो, तो म्हणाला, "काहीतरीच काय. एवढा चौकोन लावला आणि काहीच वाढलं नाही?"

"कापड वाढलं की," काकू म्हणाल्या. आता आवाज चढला होता. "आतली जागा वाढली. पण कड बघा. दोन जोड आहेत. प्रत्येक जोडात दोन कडा आत जातात, तीन-तीनच्या. चार कडा म्हणजे बारा गेले. नव्या तुकड्याने बारा आणले होते, तेवढेच गेले. हिशोब फिटला." मग खडू आडवा धरून दाखवलं. "नाहीतर असं बघा. आयताची ही तीनची कड झाकली गेली, तिच्याबदली नव्या तुकड्याची ही उभी कड बाहेर आली. तीही तीनची. चौरसाच्या खालची ही तीन झाकली, तिच्याबदली ही तळाची आली. दोन आत गेल्या, दोन बाहेर आल्या. कोपरा भरला. सोफ्याच्या कव्हरचा कोपरा मी शंभरदा असा भरलाय सर, आणि दर वेळी पायपिंग तेवढीच पुरली. तेव्हा मला वाटायचं, मी चुकून जास्त कापून ठेवते."

सरांनी स्वतः कडेकडेने बोट फिरवलं, ओठ हलवत. वर सतरा. उजवीकडे पाच. आत दोन. खाली तीन. तळाला तीन आणि बारा. डावीकडे आठ.

"पन्नास," ते म्हणाले.

मी उभाच राहिलो. का ते मला सांगता येणार नाही. गुडघा बाकाला जोरात लागला, तरी बसलो नाही. सर टेबलाशी गेले, काकूंच्या पेपरवरचे तेहेतीस खोडले आणि पस्तीस लिहिले. ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि सही केली. फॉर्म हातात आल्यावर काकूंनी पदराऐवजी तोच डोळ्यांना लावला, आणि डोळे पुसले गेले.

"मला नाही कळलं," मागून सुरक्षारक्षक म्हणाला. "ते दोन आत, दोन बाहेर. परत सांगा ना."

सरांनी खडू उचलला. मग माझ्या मते त्यांना काहीतरी वाटलं, कारण त्यांनी खडू काकूंच्या हातात दिला आणि ते येऊन माझ्या शेजारी, काकूंच्या जागेवर बसले. त्यांचेही गुडघे मावले नाहीत. काकूंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. मग फॉर्मची घडी पिशवीत ठेवली, फळा पुसला आणि आकृती पहिल्यापासून काढायला घेतली. आयत. पाचचा चौरस. सुरक्षारक्षकाला पुढे बोलावून त्याच्याकडूनच जोडावरच्या रेघा पुसून घेतल्या. तो चुकला. "उसव आणि परत शीव," काकू म्हणाल्या, आणि तो दुसऱ्यांदा चुकला नाही. त्याच्यानंतर भाजीवाला गेला. आठ वाजून गेले होते, पण पिशवी कुणी आवरत नव्हतं.

सरांनी हात वर केला. खरंच केला, मुलं करतात तसा.

"तोच तीनचा चौरस कोपऱ्यात न लावता बाराच्या बाजूला मधोमध लावला तर?"

"तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "या पुढे."

सर उठले. फळ्यावर लिहिलं: पन्नास अधिक बारा, वजा दोन वेळा तीन, बरोबर छप्पन्न. आणि मागे सरून उभे राहिले.

काकूंनी उत्तर वरपासून खालपर्यंत वाचलं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.